सट्ट्यात जिंकलेले पैसे, मित्राचा चेक आणि कलम ३०

प्रश्न: "मी पुण्याचा. क्रिकेटच्या मॅचवर मित्राबरोबर आपसात पैजा लावल्या, सीझनभरात २,४०,००० रुपये जिंकलो. मधे त्याला बुकीकडे लावायला १,००,००० दिले. त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी ६०,००० मी हॉस्पिटलात भरले. सगळ्याचा मिळून त्याने ४ लाखांचा चेक दिला, स्टॅम्पपेपरवर 'हातउसने घेतले' असं लिहूनही दिलं. चेक बाउन्स झाला. सही त्याची आहे, तो नाकारत नाही. कोर्टातून पैसे मिळतील ना?"

तुमच्या चार लाखांपैकी कोर्टातून मिळण्याची खरी आशा साठ हजारांचीच आहे. तीही, उरलेल्या रकमेसाठी तुम्ही काही चुकीचं पाऊल उचललं नाही तर.

चेक आणि स्टॅम्पपेपर हातात असल्यामुळे तुमची बाजू भक्कम आहे असं तुम्हाला वाटतंय. हा समज फार जणांचा असतो. सहीचा कागद म्हणजे कर्ज, असं आपण धरून चालतो. कोर्टाच्या लेखी मात्र कागद हा कर्जाचा पुरावा असतो, कर्जाचा उगम नसतो. समोरच्याने उगमावर बोट ठेवलं की हे देणं आलं कुठून, हे कोर्ट पाहतं. तुमच्या एका चेकमध्ये तीन वेगवेगळ्या उगमांचे पैसे आहेत आणि तिघांचं कायद्यातलं नशीब वेगळं आहे. म्हणून ते सुटे करून पाहू.

आधी जिंकलेले २,४०,०००. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ३० दोन गोष्टी सांगतं. पैजेचे करार शून्य आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते झालेच नाहीत. आणि पैजेत जिंकल्याचं सांगून कशाच्याही वसुलीसाठी दावा आणता येणार नाही. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं, कारण ते थेट कोर्टाचं दार बंद करतं. मित्र "हो, हरलो मी" असं कोर्टात उभा राहून म्हणाला तरी न्यायाधीश त्यावर हुकूमनामा देऊ शकत नाहीत.

पैज कशाला म्हणायचं याची कसोटी साधी आहे. घटना अनिश्चित हवी. एकाचा फायदा हाच दुसऱ्याचा तोटा हवा. आणि त्या घटनेत लावलेल्या पैशापलीकडे दोघांपैकी कोणाचंही हित गुंतलेलं नको. विमाही अनिश्चित घटनेवरच असतो, पण घर जळालं तर घरमालकाचं खरोखर नुकसान होतं, म्हणून ती पैज नाही. सहा महिन्यांनी माल घ्यायचा-द्यायचा सौदाही पैज नाही. मात्र माल हलवायचाच नाही, फक्त भावातला फरक एकमेकांना द्यायचा, असं दोघांच्याही मनात पहिल्यापासून असेल तर ती पैज. 'दोघांच्याही' हा शब्द इथे निर्णायक असतो. एकाच्या मनात सट्टा आणि दुसऱ्याच्या मनात खरेदी असेल तर करार वाचतो. तुमच्या बाबतीत यातलं काहीच तपासायला नको. तुम्ही दोघं मॅच खेळत नव्हता, संघ तुमचे नव्हते. ही निव्वळ पैज होती.

कायदा असा का झाला याचा इतिहास मुंबईतून जातो आणि तुमच्या दुसऱ्या रकमेसाठी तो कामाचा आहे. एके काळी इंग्रजांच्या सामान्य कायद्यानुसार पैजेची वसुली कोर्टातून होत असे. कलकत्त्याला सरकारी लिलावात पाटण्याच्या अफूला काय भाव येईल, यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी पैजा मारल्या. तो वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेला आणि १८४८ मध्ये तिथे निकाल लागला, की अशा पैजेचा दावा चालतो. त्याच वर्षी, १८४८ च्या अधिनियम २१ ने, इथे पैजेचे करार शून्य ठरवले गेले. तेच तत्त्व पुढे १८७२ च्या कलम ३० मध्ये आलं. कायद्याचा विचार असा की दोन माणसांनी काहीही न देता-घेता, न पिकवता, नुसत्या योगायोगावर एकमेकांचे पैसे ओढायचे ठरवलं, तर त्यांचा हिशेब मिटवायला लोकांचं न्यायालय वापरू द्यायचं नाही.

यात एक बारीक भेद आहे. कलम ३० पैजेला 'शून्य' म्हणतं, 'बेकायदेशीर' म्हणत नाही. शून्य करार अंमलात आणता येत नाही एवढंच. त्याच्या शेजारचे करार त्यामुळे आपोआप बुडत नाहीत. बेकायदेशीर करार मात्र शेजारच्यांनाही घेऊन बुडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या प्रकरणात हा भेद पक्का केला. तिथे दोघांनी भागीदारी करून हापूडच्या पेढ्यांशी पैजेचे सौदे केले होते. तोटा झाला. एकाने तो भरला आणि दुसऱ्याकडे निम्मा वाटा मागितला. दुसरा म्हणाला, धंदाच सट्ट्याचा होता, मी देणार नाही. न्यायालयाने त्याचं ऐकलं नाही. पैज शून्य असली तरी निषिद्ध नाही, म्हणून भागीदारी वैध आणि वाटा द्यावा लागेल, असा निकाल झाला.

हा निकाल वाचून बरेच जण, काही वकीलसुद्धा, म्हणतात की मग सट्ट्यासाठी दिलेलं कर्ज तरी वसूल होईल. इतरत्र तो युक्तिवाद करून पाहता येतो. पुण्यात नाही, कारण जुन्या मुंबई इलाख्यासाठी १८६५ चा मुंबई अधिनियम ३ आहे. पैज लावायला किंवा पार पाडायला मदत व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेले सगळे करार, आणि त्यांच्यासाठी दिलेलं तारण किंवा हमी, हेही हा अधिनियम शून्य ठरवतो आणि त्यांच्या वसुलीचा दावाही अडवतो. दलालीचीसुद्धा तीच गत. घेरूलाल प्रकरणातही न्यायालयाने मुंबईचा हा वेगळेपणा नोंदवला आहे. म्हणजे शेजारच्या करारांना जी सवलत इतरत्र आहे, ती इथे नाही.

आता तुमच्या १,००,००० कडे या. हे पैसे तुम्ही जिंकलेले नाहीत, तुमच्या खिशातून गेलेले आहेत. माणूस म्हणून तुम्हाला त्याचं वाईट वाटणं मी समजू शकतो. पण तुम्हीच लिहिलंय, "बुकीकडे लावायला दिले." १८६५ च्या अधिनियमातला कळीचा शब्द 'जाणूनबुजून' हाच आहे. मित्राने दुकानाचा माल भरायचा म्हणून पैसे नेले असते आणि तुमच्या नकळत ते सट्ट्यावर लावले असते, तर तुमचं कर्ज शाबूत राहिलं असतं. तुम्हाला माहीत होतं, म्हणून ते गेलं.

शिवाय एक गोष्ट १९५९ नंतर आणखी कडक झाली आहे. घेरूलालचा निकाल 'पैज निषिद्ध नाही' या पायावर उभा आहे. जिथे एखाद्या कायद्याने तो व्यवहारच गुन्हा ठरवला असेल, तिथे पाया सरकतो आणि करार अधिनियमाचं कलम २३, म्हणजे उद्देशच बेकायदेशीर असण्याचा मुद्दा, येतो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला. बुकीकडे लावलेल्या पैशांचा हिशेब कोर्टात घेऊन जाणं म्हणजे वसुली तर दूरच, स्वतःच्या तोंडाने गुन्ह्याची हकिगत सांगणं ठरू शकतं.

घोड्यांच्या शर्यतीचं काय, हा प्रश्न यापुढे हमखास येतो. कलम ३० मध्ये एक अपवाद आहे, पण तो शर्यत जिंकणाऱ्याला द्यायच्या ५०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या बक्षिसासाठी गोळा केलेल्या वर्गणीपुरता. घोड्यावर बुकीकडे लावलेल्या पैशांना त्या अपवादाचं छत्र नाही.

आता चेक. धनादेशाच्या कायद्यात, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मध्ये, कलम १३८ खाली चेक न वटणं हा गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच कलमाचं स्पष्टीकरण मात्र फार थोडे वाचतात: 'देणं' म्हणजे कायद्याने वसूल होऊ शकणारं देणं. कलम १३९ खाली, चेक देण्यापोटीच दिला आहे असं चेकधारकाच्या बाजूने गृहीतक असतं, आणि रंगप्पा विरुद्ध श्री मोहन (२०१०) नुसार वसूल होण्याजोगं देणं आहे हेसुद्धा त्या गृहीतकात येतं. इथपर्यंत तुमची बाजू चांगली आहे. पण त्याच निकालात हेही आहे की आरोपीला हे गृहीतक खोडायला 'निःसंशय' पुरावा लागत नाही. त्याचं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं की पुरतं, आणि त्यासाठी तो तुमच्याच कागदांचा, तुमच्याच उत्तरांचा आधार घेऊ शकतो. त्याला पिंजऱ्यात उभंसुद्धा राहावं लागत नाही.

ते कसं घडतं हे मी पाहिलं आहे. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक पक्षकार आला. चेक होता, हातउसन्याचा लेख होता, नोटरीचा शिक्का होता. पैसे कशाचे, असं मी विचारलं. "मित्राला धंद्यासाठी" असं त्याने सांगितलं. मी खोलात गेलो नाही, ही माझी चूक. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, रक्कम दिली ती तारीख सांगा. मग विचारलं, खात्यातून काढली की घरात होती. मग विचारलं, त्या महिन्यात तुमचं उत्पन्न किती. तिसऱ्या उत्तरापर्यंत आकडे जुळेनासे झाले. त्यानंतर त्यांनी मेसेजचे छापील कागद पुढे केले. त्यात 'सेशन', 'भाव', 'एक पेटी लाव' असे सट्ट्याच्या बोलीतले शब्द होते, आणि चेकची रक्कम त्या मेसेजमधल्या बेरजेशी रुपयानिशी जुळत होती. फिर्याद तिथेच संपली. पक्षकाराचे पैसे तर गेलेच, वर शपथेवर खोटं सांगितल्याबद्दल कारवाई होईल का, या चिंतेत त्याचे पुढचे कित्येक महिने गेले. तेव्हापासून हातउसन्याचं प्रकरण आलं की मी आधी फोन मागतो, मग कागद.

तुम्हीही आज रात्री बसून तुमच्या दोघांमधले सगळे मेसेज वाचा. मित्राच्या फोनमध्येही ते आहेत. त्याला ते पुरावा म्हणून आणायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल, पण ते काही अवघड काम नाही.

स्टॅम्पपेपरवरच्या 'हातउसने घेतले' या शब्दांनीही काही वाचत नाही. जुन्या शून्य देण्यावर नवा कागद चढवला म्हणून देणं नवं होत नाही, कारण त्या नव्या वचनाच्या बदल्यात तुम्ही दिलं काय, याला उत्तर उरत नाही. उलट त्या कागदामुळे तुमचं नुकसानच होतं. चार लाखांतले दोन लाख चाळीस हजार तुम्ही कधी दिलेच नव्हते, हे उघड झालं की त्या कागदातलं खरं वाक्यसुद्धा संशयात येतं.

आता वकिलाला खरोखर विचार करायला लावणारी गोष्ट. चेक एकच आहे आणि चार लाखांचा आहे. कलम १३८ ची नोटीस, बँकेचा न वटल्याचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत पाठवायची असते. नोटिशीत चेकचीच रक्कम मागावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला समोरच्याला १५ दिवस असतात, आणि ते संपल्यावर महिनाभरात फिर्याद. समजा, प्रामाणिकपणे तुम्ही नोटिशीत फक्त साठ हजार मागितले. तर चेकची रक्कम मागितली नाही म्हणून नोटीस कोसळते. चार लाख मागितले, तर जे देणं कायद्याने नाही त्याची मागणी तुम्ही शपथेवर पुढे नेणार. २०२२ मध्ये दशरथभाई पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चेक वटवायला टाकला त्या दिवशी त्यावरच्या रकमेइतकं वसूल होण्याजोगं देणं असायला हवं. तिथली हकिगत वेगळी होती: चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली होती, तरी चेक पूर्ण रकमेचा लावला होता. पण तर्क तुमच्यावरही तितकाच लागू पडू शकतो. म्हणून या चेकवर कलम १३८ ची फिर्याद करू नका, असा माझा सल्ला आहे. कोणी "करून तर बघू, दबाव येईल" म्हणालं तरी नको. दबाव उलटून तुमच्यावरच येईल.

उरले साठ हजार, आणि ते मात्र सोडू नका. हे खरं कर्ज आहे. वडिलांच्या ऑपरेशनसाठी दिलेल्या पैशाचा पैजेशी काही संबंध नाही, दोघं मित्र एकत्र सट्टा खेळत होते एवढ्यावरून ते डागाळत नाही. पुरावा असा जमवा: हॉस्पिटलची पावती किंवा बिल, पैसे गेल्याची तुमच्या बँकेची नोंद, त्या दिवसांतले "वडिलांना ॲडमिट केलंय, पैसे कमी पडतायत" अशा अर्थाचे मेसेज. रोख भरले असतील तर खात्यातून काढल्याची त्या सुमाराची नोंद. हे जुळलं की दावा साध्या वाटेने चालतो.

दावा करताना मागणी फक्त साठ हजारांची ठेवा आणि वादपत्रात चार लाखांचा आकडा मूळ आधार म्हणून आणू नका. वादपत्रातूनच पैजेची वसुली दिसली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ११ खाली, कायद्याने अडवलेला दावा म्हणून ते सुरुवातीलाच फेटाळलं जाऊ शकतं. याचा अर्थ लपवाछपवी करा असा नाही. मित्राने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, चेकचा आणि सट्ट्याचा विषय काढला तर सरळ सांगा: होय, तो चेक मिसळलेल्या रकमेचा होता, म्हणूनच मी त्यावर दावा केलेला नाही, माझा दावा हॉस्पिटलच्या पैशांचा आहे आणि ही पावती. हे एक वाक्य तुमची विश्वासार्हता वाचवतं.

मुदतीचं भान ठेवा. कर्जाऊ दिलेल्या रकमेच्या वसुलीला, ती दिल्यापासून तीन वर्षं मिळतात. ती संपण्याआधी मित्राने सहीनिशी लेखी कबुली दिली तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. तो नाकारत नाही असं तुम्ही म्हणता, तर आजच त्याच्याकडून साठ हजारांपुरता वेगळा कागद घ्या: कोणत्या तारखेला, कोणत्या हॉस्पिटलात, कशासाठी आणि कधीपर्यंत परत करणार. नवा चेक दिला तर तोही फक्त साठ हजारांचा. त्या चेकवर कलम १३८ मजबूत राहील, आणि जुना चार लाखांचा चेक त्याला परत करायला मला काही अडचण दिसत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन गोष्टी सांगतो, कारण अशा वेळी माणूस त्यांच्याकडेच वळतो.

पहिली, मित्राने आपणहून पैसे दिले तर ते घेण्यापासून कलम ३० तुम्हाला अडवत नाही. ते फक्त कोर्टाचं दार बंद करतं. हरलेल्याने दिलेले पैसे "पैज शून्य होती" म्हणून परत मागण्यालाही हाच अडथळा येतो. करार शून्य असल्याचं नंतर कळलं तर घेतलेलं परत करायचं, असं कलम ६५ सांगतं. पण पैज तर पहिल्या दिवसापासून शून्य होती आणि दोघांना ते ठाऊक धरलं जातं. त्यामुळे पैसे ज्या हातात पोचले तिथे राहतात.

दुसरी, 'वसुली करून देणारी माणसं'. त्यांच्याकडे जाऊ नका. धाक दाखवून पैसे काढणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी आहे, आणि "माझेच पैसे होते" हा बचाव इथे तुमच्याकडे नाही, कारण कायद्याच्या लेखी २,४०,००० तुमचे कधी नव्हतेच. पोलिसांत फसवणुकीची तक्रार देऊनही काही हाती लागत नाही. हरलेल्या पैजेचे पैसे न देणं ही तेवढ्यावरून फसवणूक होत नाही, आणि जबाब देताना तुम्हालाच सट्ट्याची सगळी हकिगत सांगावी लागते.

तुमच्या मित्राचे वडील सुदैवाने बरे झाले असतील अशी आशा करतो. उलट बाजूने, वडिलांचा सट्टा मुलाच्या गळ्यात पडतो का, असं विचारणारी मुलं माझ्याकडे येतात. बुकीची माणसं घरी येऊन बसलेली असतात आणि पोरगं एकविसाव्या वर्षी घर विकायच्या गोष्टी करत असतं. मनुस्मृतीतसुद्धा फाशांच्या जुगाराचं पित्याचं ऋण पुत्राने फेडायचं नाही असं सांगितलं आहे. हिंदू कायद्यात ते अव्यावहारिक, म्हणजे मुलावर न येणारं, ऋण मानलं गेलं. आजच्या कायद्यातही, जे देणं वडिलांकडून कोर्टात वसूल झालं नसतं, ते वारसाकडून कसं होईल? असं कोणी दारात आलं, तर त्याच्याकडे कोर्टाचा आदेश मागावा. तो त्याच्याकडे नसतो. आणि त्यानंतरही धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

तुमच्या मेमोची तारीख, हॉस्पिटलची पावती आणि साठ हजार दिल्याची तारीख, एवढ्या तीन गोष्टी घेऊन जवळच्या दिवाणी वकिलांना भेटा. मेसेज त्यांना पूर्ण दाखवा, नको वाटणारेही.